'नमूद केले आहे'च्या जागी काय? संशोधनाच्या आढाव्यात लेखकाच्या भूमिकेनुसार क्रियापद

*मॅडम, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठीवर कन्नडचा परिणाम हा माझा पीएचडीचा विषय आहे. दुसऱ्या प्रकरणात पूर्वसंशोधनाचा आढावा घेतलाय आणि त्यात जवळजवळ प्रत्येक वाक्य 'नमूद केले आहे' असं संपतं. गाईडनी समासात लिहिलं, 'कोणाची काय भूमिका आहे ते कळत नाही.' म्हणून मी नोंदवले, निरीक्षण केले, अहवाल दिला, दावा केला असे शब्द आलटून पालटून घातले. तर म्हणाले, आता जास्तच बिघडलं. कुठे कोणतं क्रियापद वापरायचं?*

आलटून पालटून घातलेत तिथेच बिघडलं. ही क्रियापदं एकमेकांच्या जागी बसणारी नाहीत. 'नोंदवले'च्या जागी 'दावा केला' लिहिलंत की त्या संशोधकाचं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही असं परीक्षक वाचतो, मग तुमच्या मनात तसं काही असो वा नसो. तेव्हा शब्दांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि प्रत्येक वाक्यापाशी दोन प्रश्न विचारा. मूळ लेखकाने हे किती ठामपणे म्हटलंय? आणि मला ते पटतं का? क्रियापद या दोन उत्तरांतून निघतं.

आधी 'नमूद'चंच बघू. शब्द फारसीतून आलेला, कचेरीत वाढलेला. पंचनाम्यात वस्तू नमूद असतात, जमिनीच्या उताऱ्यावर विहीर नमूद असते. विहिरीला पाणी आहे की नाही, ते उतारा सांगत नाही. 'अमुक गोष्ट अमुक कागदावर आहे' एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे जनगणनेतला आकडा, गॅझेटियरमधली माहिती, एखाद्याने जाता जाता लिहिलेली ओळ यांना 'नमूद' चांगलं शोभतं. पण एखाद्या संशोधकाने गावात राहून, माणसांचं बोलणं टिपून, त्यावरून काही मांडणी केली असेल आणि तुम्ही तिला 'नमूद केले आहे' म्हणालात, तर त्या माणसाची सगळी मेहनत उताऱ्यावरच्या विहिरीसारखी होते.

आता ते दोन प्रश्न. जेफ थॉम्पसन आणि ये यियुन यांनी १९९१ मध्ये इंग्रजी शोधनिबंधांतल्या अशा क्रियापदांचा अभ्यास केला आणि मूळ लेखकाची भूमिका वेगळी, त्याचा हवाला देणाऱ्याची भूमिका वेगळी, असा फरक केला. मूळ लेखक एखादी गोष्ट मान्य करत असेल, नाकारत असेल किंवा नुसती सांगत असेल. तुम्ही मात्र तिचा हवाला देताना ती खरी धरता, चूक धरता किंवा त्यावर काही बोलत नाही. मराठीत हा फरक अगदी स्वच्छ दिसतो. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे: वाक्याच्या शेवटी 'पण ते खरे नाही' जोडून बघा.

'अमुक यांनी खानापुरी बोलीत कन्नडचे शब्द कमी असल्याचे म्हटले आहे, पण ते खरे नाही.' हे वाक्य उभं राहतं. आता 'म्हटले आहे' काढून 'दाखवून दिले आहे' घाला. वाक्य कोसळतं, कारण 'दाखवून दिले' म्हणताच ते खरं असल्याचं तुम्ही कबूल करून बसलात. 'लक्षात आणून दिले', 'निदर्शनास आणले', 'उघड केले', 'सिद्ध केले' ही सगळी याच जातीची. ती लिहिताना तुम्ही मूळ लेखकासाठी जामीन राहता. उलट 'म्हटले आहे', 'मांडले आहे', 'यांच्या मते' यांत जामीनकी नाही. आणि 'दावा केला', 'गृहीत धरले', 'दुर्लक्ष केले' यांत तुम्ही चार पावलं मागे सरकून उभे आहात. 'गृहीत धरले' तर नुसता दुरावा नाही, आरोप आहे: तपासायला हवं होतं, तपासलं नाही. तो करायचा तर पुढच्या वाक्यात कारण द्यावं लागतं.

पहिला प्रश्न, म्हणजे मूळ लेखकाच्या ठामपणाचा, इथे विद्यार्थी हमखास घसरतात. मूळ निबंधात 'असे झाले असण्याची शक्यता दिसते' असं असतं, आणि आढाव्यात ते 'सिद्ध केले आहे' होऊन येतं. मूळ लेखक जिथे थांबला त्याच्या वर तुमचं क्रियापद चढता कामा नये. मराठीत याची एक उतरंड मनाशी धरता येते: शक्यता व्यक्त केली, सुचवले, अनुमान काढले, मत मांडले, प्रतिपादन केले, निष्कर्ष काढला, दाखवून दिले. पायऱ्या काटेकोर नाहीत, पण 'शक्यता' आणि 'निष्कर्ष' यांची अदलाबदल कोणीच खपवून घेणार नाही. 'सिद्ध केले' मी मुद्दाम उतरंडीत घेतलं नाही. भाषेच्या अभ्यासात त्याची गरज फारच क्वचित पडते आणि परीक्षकाला ते हमखास टोचतं.

त्या उतरंडीकडे पुन्हा बघा. इंग्रजीत हे काम एकेक क्रियापद करतं, मराठीत मात्र भूमिका बहुतेक वेळा नामात असते. करणे, मांडणे, काढणे, घेणे, नोंदवणे हे नुसते गाडे आहेत, माल दुसऱ्याच शब्दात आहे. 'नोंदवले' हेच घ्या. निरीक्षण नोंदवता येतं, मत नोंदवता येतं, आक्षेपही नोंदवता येतो. म्हणजे एकटं 'नोंदवले' लिहिलंत तर भूमिका सांगितलीच नाही. काय नोंदवलं, ते नाम पुढे ठेवा. नाम ठरलं की त्याच्या जोडीचं क्रियापद भाषेनेच ठरवलेलं असतं: निष्कर्ष काढतात, आक्षेप घेतात, शंका उपस्थित करतात, दुजोरा देतात, युक्तिवाद करतात. 'निष्कर्ष केला' किंवा 'आक्षेप काढला' असं झालं की वाचणारा अडखळतो.

तुमच्या भागात आणखी दोन नामं जपून वापरावी लागतात, कारण ती मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही, पण अर्थ सरकलेला आहे. पहिलं 'उल्लेख'. कन्नडमध्ये ग्रंथाच्या शेवटच्या संदर्भांनाही 'उल्लेखगळु' म्हणतात आणि हवाला देण्यालाही तोच शब्द चालतो. मराठीत उल्लेख म्हणजे ओझरतं नाव घेणं. 'गंपर्झ यांनी व्याकरणाच्या सरमिसळीचा उल्लेख केला आहे' असं लिहिलंत तर मराठी वाचक समजतो की कुठेतरी एका ओळीत ते बोलून गेले. प्रत्यक्षात त्यांचा अख्खा निबंध त्यावर आहे. दुसरं 'अभिप्राय'. कन्नड वर्तमानपत्रात रोज 'अभिप्रायपट्टिद्दारे' वाचून वाचून 'असा अभिप्राय व्यक्त केला' हे आपसूक हातून उतरतं. मराठीत अभिप्राय म्हणजे एखादी गोष्ट पाहून-वाचून दिलेला शेरा, प्रदर्शनातल्या वहीत लिहितात तो. संशोधकाच्या भूमिकेला 'मत' म्हणा.

तुमची मूळ सामग्री मुख्यतः इंग्रजीत आहे, त्यामुळे तिकडूनही काटे येतात. तुम्ही जी चार क्रियापदं घातलीत ती शब्दकोशातून उचललेली दिसतात. 'नोटेड'साठी 'नोंद घेतली' लिहितात, पण नोंद घेणे म्हणजे दखल घेणे. न्यायालय नोंद घेतं, सरकार नोंद घेतं. संशोधक नोंद करतो किंवा नोंदवतो. 'रिपोर्टेड'साठी 'अहवाल दिला' तर बहुतेक वेळा साफ चूक, कारण अहवाल आयोग देतो, समिती देते. भाषावैज्ञानिकाला गावात एक रूप ऐकू आलं आणि ते त्याने लिहिलं, तर 'आढळल्याचे सांगितले' किंवा 'आढळले' पुरे. 'आढळले' हा मराठीचा फार उपयोगी शब्द आहे. 'अमुक यांना तीन गावांत हे रूप आढळले' यात निष्कर्षाचा आव नाही आणि नुसतं मतही नाही. सामग्रीत जे सापडलं ते सांगितलं, बस.

'ऑब्झर्व्ड' सगळ्यात फसवा. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ आहेत: डोळ्यांनी पाहिलं, आणि एखादी मार्मिक गोष्ट बोलून दाखवली. दुसऱ्या अर्थाला 'निरीक्षण केले' लिहिलं की जो माणूस त्या गावाला कधी गेलाच नाही तो तिथे जाऊन आल्यासारखा होतो. 'निरीक्षण' लिहिण्याआधी बघा: त्याने स्वतः पाहिलं-ऐकलं का? नसेल तर 'लक्ष वेधले' किंवा 'म्हटले' लिहा.

तुमच्या विषयाचा एक परिच्छेद घेऊन हे सगळं करून बघू. असा मजकूर तुमच्या प्रकरणात असणारच:

'ग्रिअर्सन यांनी १९०५ मध्ये मराठीच्या बोलींचे नमुने नमूद केले आहेत. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे नमूद केले आहे. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये कुपवाड येथील भाषांची व्याकरणे सारखी झाल्याचे नमूद केले आहे. साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मराठीची निर्मिती भाषामिश्रणातून झाल्याचे नमूद केले आहे. कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडच्या भाषांविषयी नमूद केले आहे.'

पाच वाक्यं, पाच वेगळ्या कृती, आणि सगळ्यांवर एकच शिक्का. एकेक उचलू.

ग्रिअर्सन यांचा भारतीय भाषांचा सर्वे, मराठीचा खंड सातवा. ते गावोगाव फिरले नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांकडून उधळ्या मुलाच्या दृष्टान्ताची त्या त्या बोलीतली भाषांतरं आणि इतर नमुने मागवून घेतले, ते छापले आणि बोलींची वर्गवारी केली. म्हणून 'निरीक्षण केले' इथे चालणार नाही. 'नमुने संकलित केले' आणि 'वर्गीकरण केले' हे खरं. दोन्ही क्रियापदांत त्यांचं काम दिसतं आणि त्याची मर्यादाही दिसते. ती मर्यादा तुम्हाला पुढे उपयोगी पडणार आहे, कारण तुम्ही स्वतः खानापुरात जाऊन माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करणार.

एमेनो यांनी भारत भाषिक क्षेत्र आहे असं नुसतं सांगितलं नाही. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांत समान गुणधर्म असावेत, आणि त्यातल्या निदान एका कुळाच्या इतर भाषांत ते नसावेत, अशी भाषिक क्षेत्राची व्याख्या त्यांनी केली आणि मग भारतातली उदाहरणं घेऊन ती लावून दाखवली. तेव्हा 'व्याख्या केली' हेच क्रियापद. व्याख्येला खरं-खोटं नसतं, तिचा उपयोग होतो किंवा होत नाही, म्हणून तुमची भूमिका पुढच्या शब्दांत येईल: 'ही व्याख्या प्रस्तुत अभ्यासासाठी स्वीकारली आहे.'

गंपर्झ आणि विल्सन. कुपवाड सांगली जिल्ह्यातलं, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथे जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू बोलत, मराठी आणि थोडी तेलुगूही होती. पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या व्यवहारात या भाषा एकमेकींजवळ आल्या, इतक्या की शब्द वेगळे राहिले पण वाक्याचा सांगाडा एकच झाला आणि शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता येऊ लागलं, असं त्यांचं म्हणणं. इथे दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. गावात मिळालेल्या वाक्यांतलं साम्य, हे 'आढळले'. त्यावरून सांगाडा एकच झाला असं म्हणणं, हे 'प्रतिपादन केले'. दोन्हीला एकच क्रियापद लावलं की त्यांच्या सामग्रीवरची शंका आणि त्यांच्या मांडणीवरची शंका एकमेकांत गुंततात. तुम्हाला तर पुढे फक्त मांडणीवर बोलायचं आहे.

साउथवर्थ यांचा निबंध त्याच वर्षीच्या, त्याच संग्रहातला. मराठीच्या इतिहासात इंडो-आर्य आणि द्राविडी भाषिकांच्या संपर्कातून एखादी पिजिनसारखी, म्हणजे व्यवहारापुरत्या मिश्र भाषेची अवस्था येऊन गेली असावी, अशी ही कल्पना. इथली सामग्री आजच्या भाषेची, आणि निष्कर्ष शतकांपूर्वीच्या काळाबद्दलचा. असा निष्कर्ष स्वभावतःच अप्रत्यक्ष असतो. त्यामुळे 'शक्यता मांडली' किंवा 'गृहीतक मांडले'. सावध राहा, 'गृहीतक मांडले' आणि 'गृहीत धरले' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात माणूस सांगून-सवरून तपासायला एक विधान पुढे ठेवतो. दुसऱ्यात न तपासताच पुढे जातो. साउथवर्थ यांना 'गृहीत धरले' लावणं अन्याय होईल.

कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतर कुपवाडचा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि शब्दाला शब्द भाषांतराचं ते प्रतिमान चिकित्सेला लावलं. इथे विद्यार्थी दोन्ही टोकांना जातात. कोणी 'दुजोरा दिला' लिहितो, कारण गाव तेच. कोणी 'खोडून काढले' लिहितो, कारण मत वेगळं. 'खोडून काढले' म्हणजे आधीचं आता उरलंच नाही, आणि ते खोडणं तुम्हालाही मान्य आहे. तितकं म्हणायचं नसेल तर 'प्रश्न उपस्थित केला', 'चिकित्सा केली', 'मर्यादा दाखवून दिल्या' ही मधली घरं आहेत. यातलं शेवटचं घेतलंत तर त्या मर्यादा तुम्हालाही दिसल्या पाहिजेत, हे विसरू नका.

आता परिच्छेद असा होईल:

'मराठी बोलींचे नमुने सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणात संकलित झाले (१९०५). मात्र ते अधिकाऱ्यांमार्फत मागवलेले असल्याने दैनंदिन बोलण्याविषयी त्यांवरून फारसे सांगता येत नाही. एमेनो यांनी १९५६ मध्ये केलेली भाषिक क्षेत्राची व्याख्या प्रस्तुत अभ्यासात स्वीकारली आहे. गंपर्झ आणि विल्सन यांना कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू यांच्या वाक्यरचनेत लक्षणीय साम्य आढळले, आणि त्यावरून या भाषांचा व्याकरणिक सांगाडा एकच झाल्याचे त्यांनी प्रतिपादन केले (१९७१). त्याच वर्षी साउथवर्थ यांनी खुद्द मराठीच्या घडणीतच अशी संपर्कावस्था येऊन गेली असण्याची शक्यता मांडली. कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनंतर कुपवाडच्या प्रतिमानाची चिकित्सा केली.'

'नमूद' एकदाही नाही, आणि ते टाळण्यासाठी म्हणून कुठलाच शब्द आणलेला नाही. शिवाय पहिल्या वाक्यात 'यांनी'च नाही, दुसऱ्या वाक्यात तुमची स्वतःची भूमिका आहे. आढावा म्हणजे 'अमुक यांनी, तमुक यांनी' अशी हजेरी नव्हे. काही वाक्यं संशोधकाऐवजी मुद्द्यापासून सुरू झाली की क्रियापदांची निम्मी चणचण आपोआप मिटते.

क्रियापद बदललं की व्याकरणही बदलावं लागतं, आणि खानापूर-बेळगावच्या मुलांच्या प्रबंधांत इथे लाल शाई फार सांडते. 'नमूद केले' नपुंसकलिंगी. तिथे 'शक्यता' आली की 'केली' हवं, 'निष्कर्ष' आला की 'काढला'. फाइंड-रिप्लेसने नुसता 'नमूद' बदलला की 'शक्यता व्यक्त केले आहे' असलं काहीतरी उरतं. त्यात आपल्या बोलीत 'मी काम केलो' चालतं, क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. बोली म्हणून त्यात काही वावगं नाही, उलट तो तुमच्या प्रबंधाचाच विषय आहे. पण आढाव्याच्या प्रमाण मराठीत 'यांनी' आलं की क्रियापद नामाच्या मागे जायला हवं. बदल झाल्यावर फक्त ही जोडी, नाम आणि क्रियापद, एकदा मोठ्याने वाचत जा. कान चूक पकडतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, याचाही इथे त्रास होतो. 'दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील द्विभाषिक समूहांत कर्त्याला मिळणारा प्रत्यय गळून क्रियापद थेट कर्त्याशी जुळते आणि हे कन्नडच्या प्रभावाने घडते असे अमुक यांनी गृहीत धरले आहे.' वाचणारा वीस-बावीस शब्द हे सगळं तुमचंच म्हणणं समजून वाचतो आणि शेवटी कळतं की तुम्हाला ते पटलेलंच नाही. वाक्य लांब असेल तर भूमिका पुढे आणा: 'अमुक यांनी गृहीत धरले आहे ते असे की…', 'अमुक यांचा आक्षेप असा की…'. छोट्या वाक्याला 'असे… म्हटले आहे' ही जुनी रचनाच बरी. सगळीकडे 'की' घातलात तर तीही चाळणीसारखी दिसते.

काळाबद्दल थोडक्यात: गावात जाऊन केलेलं काम 'केले', ग्रंथात अजून उभी असलेली मांडणी 'केली आहे'. 'मांडली होती' लिहिलंत की वाचक पुढच्या वाक्यात 'पण'ची वाट बघतो. तो नसेल तर 'होती' काढा.

'दावा' या शब्दाबद्दल सीमाभागात वेगळं सांगायला हवं. तुमच्या पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात प्रदेशाची पार्श्वभूमी येणार, म्हणजे १९५६ ची राज्यपुनर्रचना येणार, महाजन आयोग येणार, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा येणार. हा शेवटचा 'दावा' कायद्याचा. त्यात तुमची शंका नाही, ती घडलेली गोष्ट आहे. आयोगाने जे केलं त्याला 'नमूद केले' किंवा 'दावा केला' यांपैकी काहीच लागू नाही. बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवावे अशी महाजन आयोगाने १९६७ मध्ये 'शिफारस केली'. आयोगाचं कामच शिफारस करणं. ती महाराष्ट्राने 'अमान्य केली'. ही दोन्ही क्रियापदं कोणाच्याही बाजूची नाहीत.

त्यापुढे गडबड होते. एका बाजूच्या अभ्यासकांपुढे 'दाखवून दिले', 'स्पष्ट केले', आणि दुसऱ्या बाजूच्या अभ्यासकांपुढे 'दावा केला', 'म्हणणे आहे'. लिहिणाऱ्याला हे जाणवतही नाही, घरात ऐकलेलं असतं तसं उतरतं. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा परीक्षक असो की कोल्हापूरचा, मौखिकीत हा धागा ओढला की प्रबंधाची घडी उसवते. यावर एक उपाय आहे. त्या भागाची एक प्रत काढा आणि दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांची नावं फक्त अदलाबदल करा, क्रियापदं तशीच ठेवा. वाचून अंगावर आलं तर क्रियापदं तुम्ही पुराव्यावरून निवडलेली नव्हती. मग दोन्हीकडे 'यांच्या मते' किंवा 'असा युक्तिवाद आहे' लिहा, आणि कोणाचा पुरावा का भक्कम वाटतो ते वेगळ्या वाक्यात उघडपणे लिहा. भूमिका घ्यायला हरकत नाही, ती क्रियापदात लपवायला आहे.

आता पूर्ण प्रकरणाला हात कसा घालायचा. वर्डमध्ये `Ctrl+F` करून 'नमूद' शोधा आणि 'नमुद'ही शोधा, कारण दोन्ही निघतील. प्रकरण जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं असेल तर युनिकोडमध्ये टाकलेला शब्द सापडणार नाही, शोधायचा शब्दही त्याच फॉन्टच्या कीबोर्डने टाकावा लागेल. सापडलेलं प्रत्येक वाक्य कागदावर छापून घ्या आणि समासात दोन खुणा करा. एक अक्षर मूळ लेखकासाठी: 'सा' म्हणजे सामग्रीत आढळलं, 'नि' म्हणजे निष्कर्ष, 'म' म्हणजे मत, 'श' म्हणजे शक्यता, 'उ' म्हणजे ओझरता उल्लेख. दुसरी खूण तुमच्यासाठी: पटतं, पटत नाही, किंवा काही म्हणायचं नाही. बऱ्याच वाक्यांपाशी पहिलं अक्षर तुम्हाला लिहिताच येणार नाही, कारण मूळ निबंध वाचून बराच काळ लोटलेला असतो किंवा ते वाक्य दुसऱ्याच कोणाच्या आढाव्यातून उचललेलं असतं. अडचणीची मुळी हीच असते. 'नमूद केले आहे' हा शब्द हाताशी येतो तो पुष्कळदा मूळ लेखकाने काय केलं ते माहीत नसल्यामुळे. तिथे शब्द शोधत बसू नका, मूळ निबंधाचं ते पान उघडा.

दुसऱ्या खुणेच्या बाबतीत उलट चूक टाळा. प्रत्येक वाक्यापाशी 'पटतं' किंवा 'पटत नाही' असायलाच हवं असं नाही. पार्श्वभूमीची वाक्यं 'काही म्हणायचं नाही' या रकान्यातच राहू द्या आणि 'म्हटले आहे', 'यांच्या मते' वर भागवा. ज्या तीन-चार अभ्यासकांशी तुमचा प्रबंध थेट बोलतो, तिथेच भूमिका ठळक करा. तुमच्या बाबतीत ते गंपर्झ-विल्सन आणि कुलकर्णी-जोशी, बाकी सगळे भोवतालचे.

आणि सगळं झाल्यावर काही 'नमूद' उरतील. जनगणनेत खानापूर तालुक्यातील मराठी भाषकांची संख्या नमूद आहे, गॅझेटियरमध्ये तालुक्यातल्या बाजारपेठा नमूद आहेत. ते तसेच ठेवा, ते त्यांच्याच जागी आहेत.